शब्दचर्चा: रिस्ट्रिक्शनच्या यादीत नाव, म्हणजे आत की बाहेर?

गोधडी
मंडळी, एका शब्दाने गेल्या आठवड्यात माझी झोप उडवली आहे. मी मिहानकडच्या एका कंपनीत माहितीपत्रकं लिहिते. आमच्याकडे विभागांची माहितीची पानं ठेवायला कॉन्फ्लुअन्स हे सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी त्याची डेटा सेंटर आवृत्ती. स्टोअरमधल्या आणि लेखा विभागातल्या लोकांसाठी मी दोन पानांची मराठी सूचना केली. त्यात 'स्पेस परमिशन'ला 'परवानगी' आणि 'पेज रिस्ट्रिक्शन'ला 'निर्बंध' लिहिलं. पुढे वाक्य होतं, "निर्बंधांच्या यादीत नावे टाकून पान सुरक्षित करा."

आमच्या स्टोअरच्या सुपरवायझरांना 'दरपत्रके' हे पान तीन ठेकेदारांपासून लपवायचं होतं. त्यांनी कुलपाच्या चिन्हावर क्लिक केलं, `Viewing and editing restricted` निवडलं आणि यादीत त्या तिघांचीच नावं टाकली. निर्बंध ज्यांच्यावर, नावं त्यांची. मराठी वाचणारा माणूस दुसरं काय करेल? पण ती यादी ज्यांना दिसावं त्यांची असते. त्यामुळे पान त्या तिघांना दिसत राहिलं आणि बाकी सगळ्यांचं गेलं. लावणाऱ्याचं स्वतःचं नाव यादीत आपोआप असतं, म्हणून सुपरवायझरांना मात्र सगळं ठीक दिसत होतं. इतरांना पान बाजूच्या पानांच्या उतरंडीत दिसत नाही, शोधून सापडत नाही, म्हणून लोकांना वाटलं कोणीतरी ते पुसलं. अर्धा दिवस गेला.

प्रश्न एवढाच, की या यादीला मराठीत काय म्हणावं, ज्याने वाचणारा उलटा जाणार नाही?

इतवारीकर
ताई, मुळात शब्दच चुकला आहे. 'निर्' म्हणजे नसणे. निर्दोष, निर्भय, तसं निर्बंध म्हणजे बंधन नसलेला. आपण उगाच उलट अर्थाने वापरतो. माझं मत विचाराल तर दोन्हींना परवानगीच म्हणा. एक स्पेसची परवानगी, एक पानाची परवानगी. यादीत नाव असेल त्याला परवानगी आहे, संपलं.

रामटेकी
इतवारीकर, 'निर्' नेहमी नकारच दाखवत नाही. निर्धार म्हणजे धार नसलेला का? निर्णय, निर्देश पाहा. संस्कृतात निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट. मराठीत तो घट्ट बांधण्याकडे आला आणि रुजला. सावरकर तर कायद्याला निर्बंध म्हणत. बंधन नसलेल्याला आपण 'अनिर्बंध' म्हणतो, तेच पुरेसं सांगतं.

आणि 'पानाची परवानगी' कृपा करून लिहू नका. मी आठ वर्षं कॉन्फ्लुअन्सचं प्रशासन पाहतो. सगळ्यात जास्त तक्रारी याच समजुतीतून येतात. परवानगी देते, रिस्ट्रिक्शन कधीच काही देत नाही, फक्त कमी करते. स्पेसमध्ये ज्याला `View` नाही त्याचं नाव पानाच्या यादीत दहादा टाकलं तरी त्याला ते पान दिसत नाही. 'पानाची परवानगी' म्हटलं की लोक तेच करतात आणि मग फोन करतात, "नाव तर टाकलं, काऊन दिसत नाही?"

निवृत्त अभियंता
आमच्या ले-आउटमधल्या मोकळ्या जागेच्या परवानगीबद्दल मला काही सांगायचे होते. जागा सार्वजनिक वापराची असली तरी तिच्या एका कोपऱ्यात वाचनालय बांधायचे तर वेगळी मंजुरी लागते. दोन परवानग्या वेगवेगळ्या कार्यालयांच्या. जागेच्या परवानगीला आम्ही नकाशावर 'अनुज्ञा' लिहीत असू. तो शब्द चालेल का?

गोधडी
काका, इथली 'स्पेस' म्हणजे संगणकावर एका विभागाच्या पानांचा गठ्ठा. जमीन नाही. पण 'अनुज्ञा' लिहून ठेवते.

पोहेवाली
मला हे अधिवेशनासारखं वाटून राहिलं. हिवाळ्यात विधानभवनाच्या आवारात जायला एक पास, आणि प्रेक्षक गॅलरीत बसायला वेगळा. गॅलरीचा पास हातात असून आवाराचा नसेल तर फाटकावरूनच परत. माझ्या मामेभावाचं झालंय तसं, थंडीत दोन तास उभा होता. मग स्पेसचा तो 'प्रवेश' आणि पानाचा तो 'पास' म्हणा ना.

रामटेकी
पोहेवाली ताई, निम्मं बरोबर. फरक असा, की गॅलरीला पास नेहमीच लागतो. पानावर काही लावलेलंच नसेल तर आवारातल्या सगळ्यांना ते उघडं असतं. यादी लावली की मगच ती चाळणी होते.

गोधडी ताईंच्याच उदाहरणावर सांगतो, म्हणजे शब्द कशासाठी हवा ते कळेल. समजा 'स्टोअर' ही स्पेस आहे. तिच्यात दोन गटांना `View` आहे, `stores` आणि `lekha`. लेखा विभागातली मीनल `lekha`मध्ये आहे. तिला स्पेस दिसते. हीच मीनल दोन्ही गटांत असती तर तिला दोन्हींचं मिळून मिळालं असतं. स्पेसच्या पातळीवर सगळं बेरजेने चालतं. कुठल्या तरी एका वाटेने `View` आलं की आलं, आणि 'याला नको' म्हणायची सोयच तिथे नाही.

आता 'दरपत्रके' या पानावर पाहण्याची यादी लावली, तिच्यात फक्त `stores`. त्याच्या पोटात 'स्टीलचे दर' हे पान, त्यावर वेगळी यादी, तिच्यात सुपरवायझर आणि मीनल. सांगा, 'स्टीलचे दर' कोणाला दिसेल?

इतवारीकर
दोघांना. यादीत दोघांची नावं आहेत.

रामटेकी
एकट्या सुपरवायझरांना. मीनल स्पेसचं फाटक ओलांडते, पोटातल्या पानाच्या यादीतही तिचं नाव आहे, पण मधल्या 'दरपत्रके'च्या यादीत ती नाही. पाहण्याची यादी वरून खाली उतरते आणि वाटेतल्या प्रत्येक यादीत माणूस बसावा लागतो. `stores`मधला दुसरा कोणी वरच्या यादीत बसतो, खालच्या यादीत नाही, म्हणून तोही बाहेर. आणि स्पेसमध्ये नसलेला ठेकेदार कोणत्याही यादीत असला तरी पहिल्या फाटकावरच थांबतो.

म्हणजे एका यादीच्या आत 'किंवा' चालतं, सुपरवायझर किंवा मीनल. दोन याद्यांच्या मध्ये 'आणि' चालतं. स्पेसमध्ये पुन्हा 'किंवा'. लोकांची गफलत या 'आणि'वर होते, कारण स्पेसमध्ये त्यांनी बेरीज पाहिलेली असते.

गोधडी
हे माझ्या सूचनेत कुठेच नव्हतं. मग मीनलला दाखवायचं कसं?

रामटेकी
दोन वाटा आहेत, दोन्हींची किंमत वेगळी. मीनलचं नाव 'दरपत्रके'च्या यादीत टाकलं तर तिला 'स्टीलचे दर' दिसेल, पण त्या पोटातली स्वतःची यादी नसलेली बाकीची सगळी पानंही दिसतील. ते नको असेल तर 'स्टीलचे दर' हे पान तिथून उचलून वर स्पेसच्या मुळाशी ठेवा. हललं की 'दरपत्रके'चा वारसा सुटतो आणि पानाची स्वतःची यादी तशीच राहते. मग सुपरवायझर आणि मीनल, दोघेच.

केल्यावर तपासा मात्र. स्वतःच्या लॉगिनने तपासून उपयोग नाही, तुम्हाला दिसणारच. पानाच्या तीन टिंबांच्या मेनूत `People who can view` आहे, तिथे खरोखर कोण पाहू शकतं त्यांची नावं येतात. सुपरवायझरांनी त्या दिवशी ते उघडलं असतं तर तीन ठेकेदार आणि स्वतः, एवढीच नावं पाहून लगेच कळलं असतं.

पोहेवाली
'वारसा' म्हणून राहिले तुम्ही, तो शब्द मला पटत नाही. वारसा माणूस गेल्यावर मिळतो. हे तर वरचं पान जिवंत असताना खाली उतरतं. आमच्याकडे म्हणतात, वरच्या मडक्याचं खाली झिरपतं. 'झिरपतो' म्हणा.

इतवारीकर
झिरपणं म्हणजे नकळत थोडं थोडं. हे तर पूर्ण आणि ताबडतोब लागू होतं. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असले शब्द नेमके व्हावेत म्हणूनच ना? परभाषेचा 'परवाना' आपण अजून बाळगतो, तर निदान हा शब्द तरी स्वतःचा घडवावा. मी 'अनुक्रांत' सुचवतो.

रामटेकी
अनुक्रांत स्टोअरमध्ये कोणी वाचणार नाही. आणि परवानगी आता आपलीच आहे, फारसीतून येऊन तिला इतकी वर्षं झाली. पण पोहेवाली ताईंचा मुद्दा एका ठिकाणी फार कामाचा आहे. झिरपतं ते फक्त पाहण्याचं. 'दरपत्रके'वर फक्त बदल करण्याची यादी लावली, `Editing restricted`, तर ती आमच्या डेटा सेंटरवर पोटातल्या पानांना लागू होत नाही. खालचं पान, स्पेसमध्ये पानं टाकण्याची परवानगी असलेला कोणीही बदलू शकतो. एकाच खिडकीतले दोन पर्याय, एक उतरतो, एक उतरत नाही. वारसा म्हणा नाहीतर झिरपणं, हा फरक शब्दात आला पाहिजे.

निवृत्त अभियंता
आमच्या वेळी तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक कारकुनाकडे, एक साहेबांकडे. दोन्ही लावल्याशिवाय उघडत नसे. रामटेकी म्हणतात ते 'आणि' हेच असावे. त्याला आम्ही 'दुहेरी कुलूप' म्हणत असू.

रामटेकी
काका, अगदी हेच. पानावर चिन्हही कुलपाचंच आहे. फक्त इथे कुलपं दोनच असतील असं नाही, जितकी पानं वर तितकी असू शकतात.

गोधडी
मी काल सूचना बदलली. 'निर्बंध' आणि 'परवानगी' दोन्ही नामं काढली आणि वाक्यच लिहिलं: "स्टोअर स्पेस ज्यांना दिसते, त्यांच्यापैकी फक्त या यादीतल्यांनाच हे पान दिसेल. वरच्या पानावर यादी असेल तर तिच्यातही नाव हवं." सुपरवायझरांना वाचायला दिलं. त्यांनी यादी उघडली, तिघा ठेकेदारांची नावं काढली आणि `stores` टाकलं. मी काही बोलले नाही.

इतवारीकर
वाक्य चांगलं आहे, पण 'फक्त' आणि 'च' दोन्ही कशाला? द्विरुक्ती झाली. 'यादीतल्यांनाच' पुरेसं आहे.

पोहेवाली
इतवारीकर भाऊ, स्टोअरमधला माणूस उभ्या उभ्या वाचून राहिला असतो. 'च' डोळ्यातून निसटला तर पुन्हा ठेकेदार आत. 'फक्त' राहू द्या.

इतवारीकर
तेवढ्यासाठी व्याकरण सोडायचं? 'फक्त' हाही अरबीतून आलेला. 'केवळ' तरी लिहा.

निवृत्त अभियंता
'दुहेरी कुलूप' कोणी विचारात घेतले नाही असे दिसते. कोशात नोंद आहे का, कोणी पाहील का?