फंक्शनचा सीटिंग चार्ट: बेरीज जमली म्हणजे माणसं बसली का?

ढाण्या_वाघ (मूळ पोस्ट)
सीटिंग चार्ट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. आमच्या फंक्शनला 76 जण येणार, दहा-दहाची 8 टेबलं आहेत. म्हणजे 80 खुर्च्या, 4 जास्तच. तरी घरात तीन रात्री भांडणं चालू आहेत, कोण कुणासोबत आणि कोण कुणापासून लांब. मोठी माणसं आहेत, येतील आणि बसतील. यात अवघड काय आहे ते कुणीतरी सांगा.

वेणू
मी सांगते. तुमचे आकडे वाचून अंगावर काटा आला, कारण माझेही हेच होते. 76 माणसं, दहाची 8 टेबलं, आणि "4 खुर्च्या जास्तच आहेत" हे वाक्यही माझंच.

माणसं सुटी येत नाहीत हो. माझ्या यादीत एकत्रच बसणारे सहा-सहा जणांचे पाच गट होते, सात-सात जणांचे चार, सात जोडपी आणि चार एकटे. करा बेरीज, 76 येते. आता दहाच्या टेबलावर सहाचे दोन गट बसवून दाखवा. बारा होतात. सहा आणि सात तेरा. म्हणजे त्या नऊ गटांपैकी कुठलेही दोन एका टेबलावर मावत नाहीत, प्रत्येकाला आपापलं टेबल हवं. नऊ गट आणि टेबलं आठ. चार खुर्च्या शिल्लक असूनही एक टेबल कमी पडलं!

हे मला दोन संध्याकाळी कळलंच नाही. रंगीत चिठ्ठ्या जमिनीवर मांडून मी सरकवत बसले होते. दर वेळी सगळं जमायचं आणि शेवटी सहाचा एक अख्खा गट हातात उरायचा. कधी हा, कधी तो. तेव्हा वाटायचं, आपलंच डोकं चालत नाही. खरं तर असा दर वेळी एक अख्खा गट उरायला लागला की चिठ्ठ्या सरकवणं थांबवायचं आणि टेबलाच्या निम्म्याहून मोठे गट किती आहेत ते मोजायचं. ते टेबलांपेक्षा जास्त असतील तर देव आला तरी जमणार नाही, कुठलातरी गट फोडावाच लागतो.

मी सहा सहकाऱ्यांच्या गटाला फोन करून विचारलं, तिघं-तिघं शेजारच्या टेबलांवर बसाल का. एका मिनिटात हो म्हणाले. ते तीन-तीन सातांच्या दोन टेबलांवर गेले आणि ती दोन्ही भरली. सहांच्या तीन टेबलांवर दोन-दोन जोडपी बसवली. चौथ्यावर सातवं जोडपं आणि दोन एकटे. उरलेले दोन एकटे सातांच्या बाकी दोन टेबलांवर, एकेक. तरी चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या. "येतील आणि बसतील" म्हणून सोडलं असतं तर तो सहाचा गट हातात पर्स घेऊन हॉलभर फिरला असता, आणि सगळ्यात उशिरा आलेलं जोडपं दोन टोकांना बसलं असतं.

तिसरा_डोळा
वेणूताई, एवढा पसारा कशाला? सोपा नियम आहे: मोठा गट आधी बसवा, मग त्याहून लहान, आणि ज्या पहिल्या टेबलावर जागा असेल तिथे टाका. मी नेहमी हेच करतो. कधीच चुकत नाही.

वेणू
सुरुवात म्हणून चांगला आहे, पण "कधीच" नाही. दहाची दोन टेबलं घ्या आणि गट घ्या 4, 4, 3, 3, 3, 3. एकूण वीस, अगदी काठोकाठ. तुमच्या नियमाने पहिल्या टेबलावर दोन्ही चौकडी बसतील, आठ झाले, उरलेल्या दोन जागांत तीनचा गट जाणार नाही. दुसऱ्यावर तीन-तीन-तीन, नऊ झाले. शेवटचे तिघं उभे. आणि प्रत्येक टेबलावर एक चौकडी आणि दोन तिकड्या बसवल्या की सगळे बसतात. टेबलं अशी काठोकाठ भरायची असली की तुमचा नियम दगा देतो.

तिसरा_डोळा
बरं, काठोकाठ असेल तेव्हा नाही चालत. एवढी काठोकाठ टेबलं मी घेतच नाही, म्हणून मला कधी अडचण आली नसेल. मान्य.

सदाफुली
मला "चार एकटे" या शब्दांवर बोलायचं आहे. गेल्या दहा वर्षांत प्रत्येक फंक्शनमध्ये मी ते "एकटे" आहे. गट बसवतात, जोडपी बसवतात, आणि उरलेल्यांचं एक टेबल करतात, बहुतेक दाराशी नाहीतर स्पीकरखाली. मागे एका जवळच्या मैत्रिणीच्या कार्यक्रमात मी, तिच्या बाबांचे जुने हिशेबनीस, फोटोग्राफरचा मदतनीस आणि कुणालाच माहीत नसलेले एक गृहस्थ असे एका टेबलावर होतो. दहाच्या टेबलावर चौघं, मध्ये एक-दोन खुर्च्या मोकळ्या. दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. मैत्रीण लांबून हात करून गेली. घरी येऊन मी रडले. आणि इथे लोक खुर्च्यांची बेरीज करतायत.

ढाण्या_वाघ
ताई, वाईट वाटलं वाचून. पण हे तर माझ्याच बाजूचं झालं ना? चार्ट नसता तर तुम्ही हवं तिथे बसला असता.

सदाफुली
अजिबात नाही! चार्ट नसतो तेव्हा आणखी वाईट होतं. रिकामी खुर्ची दिसते, जवळ जावं तर "इथे कुणीतरी येतंय" म्हणतात. तीनदा ऐकलं की चौथ्यांदा विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही बहुतेक कायम सहा जणांच्या गटातून जाता, म्हणून तुम्हाला हे माहीत नाही.

ढाण्या_वाघ
मी कुणासोबत जातो ते तुम्हाला काय ठाऊक? मागच्या वर्षी बायको गेल्यापासून मी एकटाच जातो. उगाच अंदाज बांधू नका.

सदाफुली
माफ करा दादा. ते लिहायला नको होतं.

वेणू
सदाफुलीताईंचा मुद्दा खरा आहे आणि माझ्या चार्टमध्ये तो राहिला होता. सातांच्या टेबलांवर एकेक जण नुसतं "जागा आहे" म्हणून टाकला होता. नंतर आईने यादी वाचली आणि म्हणाली, अगं, हिला त्या टेबलावर कोण ओळखतं? मग अदलाबदल केली. तेव्हापासून माझा पक्का नियम आहे: प्रत्येक पाहुण्याच्या टेबलावर त्याला ओळखणारं निदान एक माणूस हवं. हा नियम गणितवाल्यांनाही सुचलेला आहे. गूगलच्या OR-Tools या गणिती सॉफ्टवेअरसोबत `wedding_optimal_chart_sat.py` नावाचं एक उदाहरण येतं, त्यात टेबलाच्या क्षमतेबरोबर `min_known_neighbors` हा आकडा द्यावा लागतो.

हिशेबी_मामा
पण एकट्यांना गटात घुसवणं ही पण शिक्षाच आहे. सात जण आपल्या जुन्या गोष्टींवर हसतायत आणि आठवा ताटाकडे बघतोय. माझं मत, एकट्यांचं टेबल करा, पण नीट विचार करून. वय, काम, आवड बघून. माझी आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राची ओळख अशाच टेबलावर झाली.

सदाफुली
विचार करून केलं तर ते उरलेल्यांचं टेबल राहत नाही, मामा. पण तसा विचार कुणी करत नाही. माणूस थकतो तेव्हा यादीच्या तळाशी आम्हीच असतो. म्हणून म्हणते, एकट्यांना आधी बसवा.

तिसरा_डोळा
एकटे आधी बसवले तर मोठे गट मावणारच नाहीत!

सदाफुली
मग फोडा ना एखादा मोठा गट. वेणूताईंचे सहा जण एका मिनिटात तयार झाले, वाचलं नाही का?

जुनी_वही
मला कानाचं यंत्र आहे. कोणतं टेबल यापेक्षा कोणती खुर्ची हे माझ्यासाठी महत्त्वाचं. मोठ्या गोल टेबलावर समोरच्याचं मला काही ऐकू येत नाही, फक्त दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचं येतं. भिंतीकडे पाठ असली तर जरा बरं, मागचा गलका कमी होतो. यादी करताना एवढं विचारत जा.

रानवारा
लांब बसवण्याचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे खरा घोळ तिथे झाला. काकूंनी सांगितलं, मी वहिनींसोबतच बसणार. वहिनी म्हणाल्या, मला माझी बहीण शेजारी हवी. आणि त्या बहिणीचं आणि काकूंचं बोलणं बंद. तिघींनी आपापली वेगळी विनंती केली, एकेक ऐकली की साधी वाटते. भावाने रात्री एकपर्यंत टेबलं बदलून बघितली.

वेणू
तिथे टेबलं बदलून उपयोगच नव्हता. "सोबत"ची साखळी आधी जोडत जायची. काकू वहिनींसोबत, वहिनी बहिणीसोबत, म्हणजे काकू आणि बहीण एका गोटात आल्याच. मग "लांब"ची यादी घ्यायची. तिथली एखादी जोडी एकाच गोटात सापडली तर खुर्च्यांना हात लावायच्या आधी फोन उचलायचा. मधल्या माणसाला, म्हणजे वहिनींना विचारायचं, दोघींपैकी कोण. नंतर माणसं हलवताना नजरचूक होते, त्यासाठी मी एक्सेल ठेवते. A मध्ये नाव, B मध्ये टेबल, आणि भांडणाच्या जोड्या E आणि F मध्ये:

```
=IF(VLOOKUP(E2,A:B,2,FALSE)=VLOOKUP(F2,A:B,2,FALSE),"एकाच टेबलावर!","ठीक")
```

रानवारा
वहिनींना विचारायची हिंमत कुणाची? शेवटी बहीण शेजारच्या टेबलावर गेली. टेबल वेगळं, पण खुर्च्या पाठीला पाठ लागून. काकू आणि ती एकदमच उठल्या आणि खुर्च्या एकमेकींवर आदळल्या. तुमचं एक्सेल "ठीक" म्हणालं असतं.

वेणू
म्हणालं असतं, बरोबर. खरंच बोलणं बंद असेल तर मध्ये एक टेबल सोडावं लागतं. ते कागदावर हॉल काढून बघायचं, सूत्रात येत नाही.

खुर्चीवाला
वीस वर्षं हॉलमध्ये टेबलं लावतोय. तुम्ही सगळे "दहाचं टेबल" म्हणताय, ते कुणी मोजलं का? 150 सेंटिमीटर व्यासाच्या गोल टेबलाचा घेर 471 भरतो. माणसाला कोपर टेकायला 60 सेंटिमीटर धरले तर आठसुद्धा जेमतेम बसतात. दहाची जागा 180 च्या टेबलावर, तिथे घेर 565, तेही जरा खेटून. कागदावर दोन्हींना लोक "दहा" लिहितात. व्हीलचेअर असेल तर एक खुर्ची काढूनच टाकायची. आणि टेबलाचा पाय मध्यभागी आहे की चार कोपऱ्यांत तेही बघा, कोपऱ्यातल्या पायापाशी कुणीच नीट बसू शकत नाही.

तिसरा_डोळा
मग दीडशेची टेबलं निघाली तर 8 गुणिले 8, 64. माणसं 76. गटबिट राहू दे, बेरीजच तुटली.

ढाण्या_वाघ
आत्ता घरात यादी काढून बसलो. पाचपेक्षा मोठे गट माझ्याकडे सात आहेत, म्हणजे वेणूताईंचा प्रसंग माझ्यावर नाही. पण साडू आणि मेव्हणा एकाच साखळीत आले, आणि त्याच भांडणाने तीन रात्री गेल्या हे आत्ता कळलं. "रिकामटेकड्यांचा उद्योग" हे शब्द मागे घेतो. मोठी माणसं आपली आपण बसतात हे मात्र मला अजूनही पटतं, निदान शेवटच्या दोन टेबलांपुरतं. खुर्चीवाले दादा, हॉलवाल्याने सांगताना "गोल, दहाचं" एवढंच सांगितलं होतं. उद्या सकाळी टेप घेऊन जातो.

सदाफुली
ती शेवटची दोन टेबलं कुणाची आहेत, ते पण बघा दादा.