दशावतारी नाटकाची मास्टर प्रत: प्रोरेस, एफएफव्ही1 की एच.264?

नीलिमा: आमच्या गावच्या दशावतारी मंडळाच्या नाटकाचं संकलन पूर्ण झालं. 90 मिनिटं, 1080, सेकंदाला 25 फ्रेम, रंगकाम 10-बिटमध्ये. दोन कलाकार सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे पुन्हा चित्रीकरण होणं कठीण. यूट्यूबची प्रत वेगळी काढली आहे. वीस-तीस वर्षांनीही कामाला येईल अशी मास्टर कशात काढू?

पराग: सरळ एच.264. प्रत्येक मोबाइल आणि टीव्हीवर चालतं, म्हणून तेच टिकणार. 20 एमबीपीएसला 14 जीबीच्या आत बसेल. प्रोरेस एका कंपनीचं. तिनं उद्या बंद केलं तर?

विश्वास: परागचं एक खरं आहे, एच.264 उघडणारं सॉफ्टवेअर तीस वर्षांनीही मिळेल. पण मास्टरमधून पुढच्या प्रती काढायच्या असतात, आणि अडतं तिथे. नेहमीचं एच.264 म्हणजे 8-बिट 4:2:0. रंगमंचावरचा उजेड मागच्या पडद्यावर हळूहळू अंधारात विरतो, तिथे 8-बिटमध्ये पट्टे उमटतात. लाल शालूच्या कडाही पसरतात. पुढे नव्या कोडेकमध्ये नेताना या खुणा तशाच राहतात आणि वर नव्या चढतात.

दुसरं, त्यातल्या फ्रेमा एकमेकींवर अवलंबून असतात. एक्स264 च्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमांपर्यंत अंतर असू शकतं, म्हणजे तुमच्या गतीला 10 सेकंद. डिस्कवर थोडासा भाग बिघडला तरी पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेलं राहू शकतं. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, त्यामुळे सहसा बिघडलेली तेवढीच जाते.

प्रोरेस 422 एचक्यू काढा. साधारण 184 एमबीपीएस, म्हणजे 90 मिनिटांना 124 जीबी. आवाज पीसीएम, 48 किलोहर्ट्झ, 24-बिट. कंपनीची भीती नको: त्याची रचना 2015 मध्ये एसएमपीटीईच्या आरडीडी 36 या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली आहे, आणि एफएफएमपेग ते वाचतं.

रमाकांत: आमच्या नाटकांच्या 2006 च्या एमओव्ही फायली सोरेन्सन व्हिडिओ 3 मध्ये होत्या. नव्या संगणकावरच्या प्लेअरनं नकार दिला, मुलानं एफएफएमपेगनं उघडून दिल्या. ताई, हार्ड डिस्क कुठली घेताय ते सांगा, खरा प्रश्न तोच.

सुहासिनी: रमाकांतकाका, डिस्कचा प्रश्न वेगळा, पण तुमचं उदाहरण नेमकं आहे. खुला डिकोडर असल्यामुळे त्या फायली वाचल्या.

मी अभिलेखागारात काम करते आणि विश्वासरावांशी सहमत नाही. प्रोरेस कितीही चांगलं असलं तरी त्यात माहिती गळते. एफएफव्ही1 मध्ये एकही बिट गळत नाही, आणि 2021 पासून त्याचं वर्णन आरएफसी 9043 म्हणून सर्वांना खुलं आहे. फ्रेमच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासणी संख्या जोडता येते, त्यामुळे कोणत्या फ्रेमचा कोणता भाग बिघडला ते कळतं. तुमच्या संकलन सॉफ्टवेअरमधून बहुधा ते थेट निघणार नाही. आधी अनकंप्रेस्ड 10-बिट 4:2:2 काढा. ती फाइल 750 जीबीच्या आसपास होईल, पण तात्पुरती आहे. मग:

```
ffmpeg -i natak.mov -map 0:v -map 0:a -c:v ffv1 -level 3 -g 1 -slices 16 -slicecrc 1 -c:a copy natak.mkv
```

मूळ फाइल पुसण्याआधी दोन्हींवर हे चालवा:

```
ffmpeg -i natak.mov -map 0:v -f md5 -
ffmpeg -i natak.mkv -map 0:v -f md5 -
```

दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर चित्र शाबूत आहे. वेगळे आले तर बहुतेक वेळा पिक्सेलचा प्रकार बदललेला असतो.

विश्वास: मान्य. पण काळोखातल्या नॉइजमुळे ती फाइल 300 जीबीच्या घरात जाईल, आणि वर्षांनी कोणी संकलनात घ्यायची म्हटली तर आधी रूपांतर करावं लागेल. बिघाड कुठे आहे हे कळून तो दुरुस्त होत नाही, त्यासाठी दुसरी प्रतच लागते. अख्ख्या फाइलचा एसएचए256 ठेवला तरी बिघाड कळतोच.

सुहासिनी: एसएचए256 फक्त ‘बिघडली’ एवढंच सांगतो. दोन्ही प्रती वेगवेगळ्या जागी बिघडल्या असतील तर तुकड्यांच्या संख्यांवरून चांगल्या फ्रेमा निवडून एक पूर्ण प्रत जोडता येते. एक मात्र खरं, प्रोरेसमधूनच एफएफव्ही1 केलं तर दर्जा वाढणार नाही. गेलेलं परत येत नाही.

नीलिमा: इंग्रजी सबटायटल चित्रावरच छापले आहेत. चालेल?

विश्वास: मास्टरमध्ये नको. अक्षरांविना प्रत काढा आणि सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये ठेवा, यूटीएफ-8 मध्ये. पुढे मराठी संवादही घालायचे झाले तर चित्राला हात लावावा लागणार नाही.

पराग: 300 जीबीच्या दोन प्रती एका मंडळाला परवडतात का? माझं मत अजून तेच, हवं तर एच.264 10-बिट 4:2:2 करा.

विश्वास: 10-बिट 4:2:2 मुळे पट्ट्यांचा आणि कडांचा प्रश्न बराच सुटेल. सगळ्या फ्रेमा कीफ्रेम ठेवल्या तर फाटण्याचाही. पण मग बिटरेट वाढवावा लागेल, आणि तशी फाइल प्रत्येक मोबाइलवर चालेलच असं नाही.

नीलिमा: आधी अंधाराच्या प्रवेशाची दोन मिनिटं तिन्ही प्रकारांत काढून पाहते. सबटायटल आजच वेगळे करते.