मदत हवी आहे: ऑडिओ पाठात मोकळी जागा किती ठेवावी?

सोलापुरातल्या तेलुगू भाषिक बायकांसाठी मराठीचा ऑडिओ पाठ लिहितेय. वाक्य आहे, ‘मला सिद्धेश्वर मंदिरापाशी उतरायचंय.’ ते शेवटाकडून बांधलंय: आधी ‘उतरायचंय’, मग ‘मंदिरापाशी उतरायचंय’, शेवटी पूर्ण वाक्य. अशाने शेवटचा सूर टिकतो. प्रत्येक तुकड्यानंतर बायकांना तो म्हणता यावा म्हणून, मला म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दीडपट वेळ गप्प राहते, मग तोच पुन्हा म्हणते, म्हणजे त्यांना आपलं ताडून पाहता येतं.

तुकड्यांना हे पुरतं. पूर्ण वाक्यात मात्र त्या ‘मंदिरापाशी’पर्यंत येतात आणि माझा आवाज त्यांच्या आवाजावर चढतो. दुप्पट जागा ठेवली तर सरावलेल्या कंटाळतात. (सावकाश म्हणून ‘उ-त-रा-य-चं’ असं तोडायचं नाहीये, त्याही तसंच तोडून म्हणतात.)

लांब वाक्यापुरतीच जागा वाढवू, की आधी ‘सिद्धेश्वर मंदिरापाशी उतरायचंय’ हा आणखी एक तुकडा घालू? असे पाठ रेकॉर्ड केलेल्यांनी सांगा ना.