तुमच्या दुकानाचं नाव फोनवर सांगता येतं का? (अनुभव)

मीठमिरची: माळा आवरताना जुन्या लेबलांचा गठ्ठा निघाला. 'जिव्हाळा मसाले', नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. वेबसाइटसाठी साधं स्पेलिंग मिळेना, म्हणून मी हुशारी करून jivhaalaamasale घेतलं. मग रोज फोनवर "जे आय व्ही एच डबल ए..." "ताई, एलनंतर पण डबल?" कुणी jivala टाकायचं, कुणी jiwhala. एक काकू भलत्याच दुकानात पैसे भरून आल्या आणि भांडल्या माझ्याशी! तुमचे किस्से सांगा.

बंड्या_सातारा: मधे हायफन टाकायचा ना, वाचायला सोपं.

पोळपाट: बंड्या, वाचायला सोपं, सांगायला नाही. "डॅश" म्हटलं की निम्मे लोक अंडरस्कोर टाकतात. शिवाय वेबसाइटच्या पत्त्यात हायफन चालतो, अंडरस्कोर नाही. इन्स्टावर बरोब्बर उलटं. म्हणजे दोन ठिकाणी दोन नावं. सगळं सलगच घ्यावं.

आजोबा६२: आमच्या नातीचं नाव ज्ञानदा. पासपोर्टवर Dnyanada, दिल्लीत सगळे 'डन्यानडा' म्हणतात.

मीठमिरची: 😂 आजोबा, धागा दुकानाचा आहे, पण दुखणं तेच. ज्ञ आणि ळ नावात नकोच.

कोथरूडकर: एवढं कशाला, .भारत घ्या, पत्ता सरळ देवनागरीत.

पोळपाट: घेतला होता. उघडतो व्यवस्थित. पण इन्स्टाचं हँडल देवनागरीत मिळत नाही आणि त्या पत्त्यावरचा ईमेल बरेच फॉर्म घेतच नाहीत. जोडीला ठेवा, एकट्यावर नको.

शेवगा: मग नवीन नाव कसं ठरवलंत? मी केकसाठी शोधतेय, नवरा म्हणतो cakes4u.

मीठमिरची: शेवगा, 4 नको गं! आकडा की four की for, प्रत्येकाला सांगत बसशील. मी सहा जणांना फोन केला, नाव एकदाच उच्चारलं, स्पेलिंग सांगितलं नाही, "ऐकलंत तसं टाइप करून पाठवा" म्हटलं. 'चविष्ट'ची चार स्पेलिंगं आली. 'मिरी'ला पाच जणांनी miri लिहिलं, जाऊबाईंनी meeri. म्हणून mirimasala घेतलं, आणि meeri वालंही घेऊन तिकडेच वळवलं. जुन्या पत्त्याचे पैसे अजून दरवर्षी भरते, कारण लोकांकडच्या बरण्यांवर तोच छापलाय. इन्स्टावर मात्र हँडल बदललं आणि जुने लिंक मेले, ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बंड्या_सातारा: masala की masale?

मीठमिरची: तिथेच मार खातेय अजून 🙈

शेवगा: ताई, गोडा मसाला पाव किलो मिळेल का? पत्ता व्यनि करते.