प्रतिसाद: नथ वाकडी दिसते ती फिल्टरमुळेच

> "ब्युटी फिल्टर लावला की बहिणीचा चेहरा तिचा वाटतच नाही. त्वचा तर छान दिसते, मग बिघडतं काय?"

बिघडतो तो आकार. फिल्टर चेहऱ्यावर डोळे, नाक, जबडा यांचे बिंदू पकडतो आणि त्यावर जाळं बसवून फोटोच ओढतो: जबडा आत, डोळे मोठे, नाक अरुंद. आपण माणूस ओळखतो ते बरंचसं याच आकारांवरून आणि त्यांच्यातल्या अंतरांवरून. शिवाय ओढताना शेजारचंही ओढलं जातं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या फोटोत नथीचा गोल चपटा झाला होता आणि गालामागची दाराची चौकट आत वळली होती. ती चौकट बघा, चोरी लगेच पकडली जाते.

मग मूळ फोटो स्नॅपसीड या एडिटिंग ॲपमध्ये घेतला. `Healing` ने दोन पुटकुळ्या काढल्या, पण झूम करून, कारण बोट जाड पडलं की शेजारची त्वचाही पुसली जाते. हनुवटीवरचा तीळ ठेवला. तो गेला असता तर मावशीनेच विचारलं असतं! डोळ्यांखालच्या काळेपणावर `Selective` चा बिंदू ठेवून, दोन बोटांनी वर्तुळ लहान करून `Brightness` थोडासाच वाढवला. तिथली सावली पूर्ण घालवली तर डोळे सुजल्यासारखे दिसतात. त्वचेची रंध्रं तशीच राहिली, नथही गोल.

आणि नाक मोठं वाटत असेल तर ते बहुधा सेल्फी जवळून काढल्यामुळे. दुसऱ्या कुणाला चार पावलं मागे जाऊन थोडं झूम करून फोटो काढायला सांगा, नाकासाठी एडिटची गरजच पडणार नाही.