सारांश लेखन: उदाहरणातच मुद्दा असेल तर काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार, सोलापूरहून लिहितोय, मुलगी दहावीला आहे. अपठित उताऱ्याचा फोटो टाकलाय, डावीकडच्या घडीमुळे दोन-तीन शब्द पुसट दिसतील पण अर्थ लागतो. उतारा 110 शब्दांचा, म्हणजे एक तृतीयांश धरून सारांश 36-37 शब्दांत बसायला पाहिजे.

पहिला परिच्छेद सोपाय, त्यात सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा अशी नावं आलीत ती सगळी गाळली आणि तिने असं लिहिलं:

"तलावांमुळे पावसाचे पाणी साठून वर्षभर पुरते व जमिनीत मुरून आसपासच्या विहिरींनाही पाणी येते. परंतु गाळ साचल्यामुळे त्यांची साठवणक्षमता घटते, म्हणून तो नियमितपणे काढायला हवा."

हे झाले 24 शब्द. अडचण पुढंय. शेवटी एका गावाची गोष्ट आहे, शेतकऱ्यांनी तलावातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरला, तलाव खोल झाला आणि पीकही चांगलं आलं. उदाहरण म्हणून गाळावं तर गाळाचा शेतीला उपयोग होतो हा मुद्दाच जातो, कारण तो उताऱ्यात दुसरीकडं कुठंच नाही. मला वाटतं गाव, ट्रॅक्टर सोडून एवढंच ठेवावं: "काढलेला सुपीक गाळ शेतकऱ्यांनी नेल्यास तलाव खोल होतो आणि शेतीलाही फायदा होतो." मग बरोब्बर 36 होतात.

पण उताऱ्यात "सुपीक" हा शब्द नाहीये, तो तिने स्वतःचा घातलाय, तो चालेल का काढावा? पेपर तपासणाऱ्या सर-मॅडमनी जरा फोटो बघून सांगा ना.