मदत हवी आहे: ऑटोहॉटकीमधील दोन संक्षेप एकमेकांच्या आड येतात

लेखनिक: कार्यालयीन पत्रे लिहिण्यासाठी मी ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीत पुढील ओळी लिहिल्या आहेत.

```
:*:sn::सप्रेम नमस्कार
:*:snv::सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.
```

`snv` टंकले की "सप्रेम नमस्कारv" असे उमटते. दुसरी ओळ कधीच चालत नाही. शिवाय तारखेसाठी `^+d` ही कळ नेमली आहे, परंतु त्यामुळे वर्डमधील दुहेरी अधोरेखन बंद पडले. दोन्हींवर उपाय सुचवावा.

सोलापूरकर: फाइलमध्ये आधी येणारी ओळ जिंकते. `snv` वर घ्या, काम होईल.

लेखनिक: तसे करून पाहिले, फरक पडला नाही.

टंककार: क्रमाचा नियम खरा आहे, पण दोन्ही संक्षेप एकाच अक्षरावर पूर्ण होत असतील तेव्हाच तो लागू पडतो. येथे तारांकनामुळे `sn` हा `n` दाबताच विस्तारतो, म्हणजे `v` येण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. दोन्ही ओळींतील तारांकन काढा, म्हणजे जागा, स्वल्पविराम किंवा एंटर दाबेपर्यंत स्क्रिप्ट थांबेल आणि `snv` वेगळा ओळखला जाईल. विस्तारानंतर ती जागा नको असेल, तर तारांकनाऐवजी `O` लिहा.

क्रम कुठे कामी येतो, तेही पाहा. समजा `:*:snv::` सोबत `:*?:nv::नवीन` ही ओळ आहे. प्रश्नचिन्हामुळे `nv` शब्दाच्या आतही चालतो, त्यामुळे `v` दाबताच दोन्ही जुळतात. `nv` वर असेल, तर पडद्यावर "sनवीन" दिसेल. मागे राहिलेल्या अक्षरावरून कोणती ओळ चालली हे ओळखता येते. म्हणून विशेष कारण नसेल तर प्रश्नचिन्ह टाळावे, असे माझे मत आहे.

तारखेची कळ वर्डबाहेरच चालू ठेवा:

```
#HotIf !WinActive("ahk_exe WINWORD.EXE")
^+d::SendText(FormatTime(, "dd/MM/yyyy"))
#HotIf
```

रात्रपाळी: माझे संक्षेप तर अजिबात चालत नाहीत. मी मराठी फोनेटिक कळफलक वापरतो. हाच दोष असावा का?

टंककार: नाही, तो वेगळा प्रश्न आहे. इंग्रजी कळफलकावर संक्षेप चालतो का, ते आधी तपासा. तिथे चालत असेल, तर तुमच्या लेखन-साधनाकडे अक्षरे आधी जात असण्याची शक्यता आहे. मी ते साधन वापरत नसल्याने नेमका उपाय सांगू शकत नाही. वेगळा धागा काढणे योग्य.

लेखनिक: `sn` आणि `snv` आता नीट चालतात, आणि वर्डमधील अधोरेखनही परत आले. फक्त एक शंका: वर्डमध्ये `^+d` वर काही वेगळेच हवे असेल, तर तीच कळ दोनदा लिहिता येते का?

टंककार: येते, दोन्हींच्या अटी वेगळ्या असाव्यात एवढेच. एक व्याख्या अटीसह आणि दुसरी अटीविना असेल, तर अट पूर्ण होते तेथे अटीची चालते, मग अटीविना लिहिलेली फाइलमध्ये वर असली तरी.